मुंडण, बोंबील आणि मौन

गोटीराम म्हात्रे यांनी सकाळी डोक्याचं मुंडण करून घेतलं आणि त्यांची आई, जी त्या वेळी स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होती, ती दुपारपर्यंत अख्ख्या तळवलीत वारलेली होती.

यात गोटीरामांचा हेतू अगदी शुद्ध होता, हे आधीच सांगून टाकतो. पावणे एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस. तिथल्या मशिनींच्या धडधडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही. निवृत्त होऊन घरी आले, मशिनी तिकडे राहिल्या, आवाज मात्र बरोबर आला. नुसता आवाज असता तरी चाललं असतं हो, पण त्याच्या जोडीला सल्ले होते. कुकरच्या शिट्ट्या किती, नातीच्या वेण्या कशा, मुलाने गाडी रिव्हर्स कशी घ्यावी, सगळ्यावर यांचं मार्गदर्शन चालू. संध्यावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, टीव्हीचा आवाज वाढवून त्यावर आपल्यापुरता इलाज शोधला होता.

पण सून रुतिका टीव्ही लावणाऱ्यांतली नव्हती. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, आम्ही उलव्याला फ्लॅट बघितलाय, कारण..."

एवढ्यात श्वास घ्यायला म्हणून ती थांबली आणि गोटीराम त्या फटीतून आत शिरले. उलव्याचं पाणी, उलव्याचे रस्ते, उलव्यातल्या बिल्डरांची खानदानं, स्वतःचं चार मजली घर असताना फ्लॅट घेणाऱ्यांची बुद्धी, असं सगळं भात गार होईपर्यंत झालं. शेवटी रुतिका ताट उचलत म्हणाली, "जाऊ दे पप्पा. तुम्ही बोला." आणि कल्पेश, त्यांचा मुलगा, एवढंच पुटपुटला, "पप्पा, तुमी ऐकतच नाय."

त्या रात्री गोटीरामांना झोप लागली नाही. मनस्वी, चार वर्षांची नात, वरच्या मजल्यावर धप् धप् उड्या मारायची ते त्यांना छतातून ऐकू यायचं. ते धप् धप् उलव्याला जाणार, आणि ते आपल्या तोंडामुळे.

कारखान्याच्या लॅबमधल्या सुनीती मॅडम दरवर्षी पारसिकच्या डोंगरावरच्या बौद्ध विहारात जाऊन राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फोन लावला. "मॅडम, तोंड बंद करायचं शिकवतात का तिकडे?"

"शिकवत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पहाटे उठवतात, काम देतात, वंदना म्हणायला लावतात आणि बाकी वेळ गप्प ठेवतात. तोंडाचं काय होतं ते तुमचं तुम्हीच बघायचं. आठवडाभर या. फक्त घरी विचारून या, भन्ते ते नक्की विचारतात."

आता आगरी माणूस कुठलीही गोष्ट अर्धी करत नाही. हळद असली की अख्खा गाव जेवतो, मग विहारात जायचं ते काय केसांसकट? गोटीराम तडक सलूनमध्ये गेले आणि डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवून आले. विहारात आठवडाभर राहायला येणाऱ्या पाहुण्याने पांढरे कपडे घालायचे असतात, मुंडण फक्त भिक्खू आणि श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, करतात, हे त्यांना मॅडम सांगणारच होत्या. पण मॅडमचं वाक्य तरी त्यांनी कुठे पूर्ण होऊ दिलं होतं!

मिशीसकट तुळतुळीत झालेला मुलगा दारात बघून पुतळाबाईंच्या हातातला लसूण खाली पडला.

"जल्ला मेला! मी जित्ती हाय ना रं अजून?"

"आये, मी विहारात चाललोय. तुझी परवानगी पायजे."

"आदी बोडका होऊन येतंस नि मग परवानगी इचारतंस?"

तेवढ्यात समोरच्या धर्माशेठने गॅलरीतून हे डोकं पाहिलं होतं. कोणी बाप्या मिशीसकट बोडका झाला म्हणजे घरात काय घडलं, हे तळवलीत पोराटोरांनाही विचारावं लागत नाही. धर्माशेठने भावकीला फोन केले. मंडळाचा अध्यक्ष शिवतेज, जो कुणाचाही वाढदिवस वा दहावा हातचा जाऊ देत नाही, त्याने तासाभरात नाक्यावर फ्लेक्स चढवला. पुतळाबाईंचा नऊवारीतला फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली शिवतेजचा त्याहून मोठा फोटो.

दुपारी बायका गळे काढत आल्या आणि पुतळाबाईंनीच दार उघडलं. त्यातल्या दोघी जागच्या जागी बसल्या. एकीने तर पुतळाबाईंच्या पायाला हात लावून तो खरा आहे का बघितलं. पुतळाबाईंनी सगळ्यांना चहा पाजला, मग काठी टेकत नाक्यावर जाऊन फ्लेक्स बघितला आणि शिवतेजला म्हणाल्या, "फोटू बेस काढलास. तेवढा कापून मना दे, बाकीचा खाली उतरव."

मग सल्ले सुरू झाले. धर्माशेठ म्हणाले, मच्छर लय, कॉईल ने. दुसरं कोणी म्हणालं, रात्री उपाशी ठेवतात, चुरमुरे ने. एक पावणा म्हणाला की डोंगरावर गेलेला माणूस परत येत नाही, त्याच्या साडूचा मेव्हणा असाच गेला होता. तो साडूचा मेव्हणा पुढे वाशीत गाडी चालवताना दिसला होता, ही गोष्ट वेगळी. पुतळाबाई परवानगी देताना रडल्या, शिव्या घातल्या, आणि लेकराची पिशवी स्वतःच्या हाताने भरली.

या पिशवीकडे लक्ष असू द्या.

विहार म्हणजे डोंगराच्या उतारावर चार खोल्या, एक वंदनेचा हॉल, स्वयंपाकघर आणि पिंपळ. खाली एमआयडीसीच्या पत्र्यांची शेडं दिसायची, त्यात गोटीरामांचा जुना कारखानाही होता. तिथले मुख्य भिक्खू, म्हणजे भन्ते, साठीच्या आसपासचे, बारीक, विदर्भातले. गोटीरामांच्या डोक्याकडे बघून ते काही बोलले नाहीत. "घरी विचारलंत?" एवढंच म्हणाले.

"विचारलं भन्ते. आता त्याची हकीकत अशी आहे की..."

"छान," भन्ते म्हणाले आणि हकीकत तिथेच संपली.

फोन कपाटात गेला. संध्याकाळी त्रिशरण म्हटलं आणि अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेतलं. जीव मारायचा नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, ब्रह्मचर्य, खोटं बोलायचं नाही, नशा नाही, दुपारनंतर जेवण नाही, गाणंबजावणं-अत्तर-नटणं नाही, उंच मऊ गादी नाही. गोटीरामांनी धर्माशेठची कॉईल मुकाट्याने पिशवीच्या तळाशी ढकलली. मग आर्य मौन सुरू झालं. म्हणजे बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, डोळ्यांनी गप्पा मारायच्या नाहीत. अडलंच तर भन्त्यांना किंवा व्यवस्था बघणाऱ्या सुनीती मॅडमना हळू आवाजात सांगायचं.

पहाटे चारला घंटा झाली. गोटीराम उठले तेव्हा त्यांना आपल्या आयुष्यावर अन्याय झाल्यासारखं वाटलं. थंड पाण्याने तोंड धुवून हॉलमध्ये, मेणबत्तीच्या उजेडात पालीतली वंदना. त्यानंतर डोळे मिटून बसायचं आणि नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. गोटीरामांनी दोन श्वास बघितले. तिसऱ्याला उलव्याच्या बिल्डरला काय सुनवायचं ते सुचलं. डास कानाशी आला. हात उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला, पहिलं शील आठवून. डासाने शांतपणे कपाळावर नाश्ता केला.

उजाडलं की झाडलोट. प्रत्येकाला खराटा आणि आपापला तुकडा. गोटीरामांच्या वाट्याला पिंपळाखालचं अंगण आलं. त्यांनी सुपरवायझरच्या तडफेने ते चकाचक केलं, मागे वळून पाहिलं, तर पुन्हा दहा-बारा पानं पडलेली. तीही झाडली. पुन्हा पडली. दुपारच्या कामाच्या वेळी त्यांनी भन्त्यांना गाठून हळू आवाजात (त्यांच्या मते हळू, खिडकीवरचं कबूतर उडालं) सांगितलं की पावणे एमआयडीसीत पानं उडवायचं मशीन भाड्याने मिळतं, एका दिवसात काम तमाम.

"पानांसाठी झाडत नाही आपण," भन्ते म्हणाले आणि त्यांच्या हातात खराटा परत दिला.

हे उत्तर गोटीरामांना अजिबात पटलं नाही. पण वाद घालायला मौन आडवं आलं, म्हणून ते झाडत राहिले.

सकाळी भिक्खू पात्र घेऊन पायथ्याच्या वस्तीत पिंडपाताला जायचे, लोक घालतील ते मुकाट्याने घ्यायचे, ना मागायचं ना नाकारायचं. ते अन्न आणि स्वयंपाकघरात शिजलेलं वरण-भात-भाजी, असं सगळं मिळून बाराच्या आत जेवण. जेवणाआधी सगळे मिळून म्हणायचे की हे अन्न मौजेसाठी नाही, मस्तीसाठी नाही, शरीर टिकावं आणि साधना व्हावी एवढ्यासाठीच आहे. मौजेसाठी नाही म्हणताना गोटीरामांच्या डोळ्यांसमोर पापलेट यायचं. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत घास नाही. संध्याकाळी गाळलेलं लिंबूपाणी किंवा दुधाशिवायचा चहा आणि फार तर गुळाचा खडा.

आणि म्हणून त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी, पोट गुडगुडत असताना, त्यांनी पिशवी उघडली.

तळाशी, कॉईलच्याही खाली, तीन थरांच्या वर्तमानपत्रात पुतळाबाईंनी सुके बोंबील बांधून दिले होते. लेकरू परमुलखात चाललेलं, आईच्या जिवाला राहवतंय का? गोटीरामांच्या डोळ्यांत पाणीच आलं. खायचा प्रश्नच नव्हता, शील घेतलेलं. पण बोंबलाला शील नसतं. त्याचा वास दाराच्या फटीतून निघाला, व्हरांड्यातून चालत वंदनेच्या हॉलमध्ये गेला आणि ध्यानाला बसला. उदबत्तीने माघार घेतली. एकेक नाक हललं. कोणी काही बोलेना, कारण मौन. गोटीरामांना उभं राहून सांगावंसं वाटत होतं की मंडळी, हे माझे आहेत, माझ्या आईने दिलेत, ती जिवंत आहे. तेही बोलता येईना, कारण मौन. माफी मागायचीसुद्धा सोय नसलेली अशी शरम त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

पहाटेच्या घंटेआधी उठून त्यांनी पिंपळाखाली खड्डा केला आणि आईची माया मातीआड केली. वर पानांचा ढीग घातला, आयुष्यात पहिल्यांदा पानांचा उपयोग झाला म्हणून खूश झाले आणि हॉलमध्ये जाऊन सगळ्यात शांत चेहऱ्याने बसले.

खरोखरच बरं चाललं होतं. श्वास येत होता, जात होता. आणि बाहेर खसफस झाली. मग गुरगुर. मग दोन मांजरं आणि वस्तीतला एक कुत्रा यांचं त्या बोंबलांवरून जे जुंपलं, ते ऐकून गोटीरामांच्या आतला सुपरवायझर ताडकन उठला. डोळे मिटलेलेच, आणि कारखान्याच्या तिसऱ्या शेडपर्यंत पोचणाऱ्या आवाजात:

"हाऽऽड! हाड रं मेल्या! सोड! सोड तो बोंबील!"

सगळा हॉल दचकला. एका उपासकाची मांडी सुटली. सुनीती मॅडमच्या खांद्यांना हसू आवरेना. डोंगराखाली कुठल्यातरी वॉचमनने उलट हाक दिली, "कोन हाय?"

भन्त्यांनी डोळे उघडले नाहीत. लहान घंटा एकदा वाजवली आणि म्हणाले, "पुन्हा श्वासावर या."

बस. पुन्हा या. गोटीरामांना वाटलं होतं, आता पिशवी हातात देतील. दिवसभर ते मान खाली घालून स्वयंपाकघरात एकसारखी भाजी चिरत आणि भांडी घासत राहिले. संध्याकाळी भन्त्यांनी बोलावलं. गोटीराम हात जोडून उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, मिटलं.

"आवाज चांगला आहे तुमचा," भन्ते म्हणाले. "मागे बसून वाया जातोय. उद्यापासून वंदनेत पुढे, माझ्या शेजारी बसा."

साठ वर्षांत या आवाजाला घरीदारी कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या पहाटे ते पुढे बसले आणि जोशात सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला ते एकटेच होते. बाकी सगळे अजून पहिल्या ओळीत. भन्त्यांच्या शेजारी एक म्हातारे भिक्खू बसायचे, ऐंशीच्या पुढचे, दम कमी. त्यांचा श्वास ओळीच्या शेवटी हळूहळू विरत जायचा. हॉलमधले सगळे त्यांच्यासाठी थांबायचे. तो श्वास पुरा संपला, नवा घेतला गेला, की मगच पुढची ओळ. कुणी शिकवलेलं नाही, खूण नाही. गोटीराम रोज धडकायचे, रोज पुढे पळून एकटे पडायचे, आणि मागे यायचे.

मग एका पहाटे ते पळाले नाहीत. ओळ संपली. म्हाताऱ्या भिक्खूंचा श्वास विरत गेला, विरत गेला, आणि सगळं संपलं असं वाटत असतानाच त्यातून शेवटचं एक अक्षर आलं. बारीक, पण पूर्ण. ते अक्षर इतके दिवस गोटीरामांनी ऐकलंच नव्हतं, त्याच्या आधीच ते पुढे गेलेले असायचे. त्यांना एकदम भात गार होतानाची ती रात्र आठवली. 'कारण...' म्हणून थांबलेली रुतिका आठवली. आणि मेणबत्तीच्या उजेडात त्या बोडक्या माणसाचे डोळे भरून आले.

खराट्याचंही तसंच झालं. रोज तीच वेळ, तोच तुकडा, तीच पानं. आता काय करू, कुणाला सांगू, हे ठरवायची गरज नाही, म्हणून डोक्यातली बडबड उघडी पडायची आणि ऐकून ऐकून त्यांनाच तिचा कंटाळा यायचा. शेवटच्या दिवशी अंगण झाडून झालं, मागे पान पडलं, आणि गोटीरामांनी ते नुसतं पडताना बघितलं. निघताना त्यांनी भन्त्यांना तीनदा वंदन केलं. आभाराचं मोठं भाषण तयार होतं, आठवडाभर घोटलेलं. "भन्ते," ते म्हणाले, आणि पुढचं काही आलं नाही. भन्ते हसले. त्यांना ते सगळं पोचलं असावं.

घरी आल्यावर पुतळाबाईंनी पहिलं विचारलं, "बोंबील खाल्लंस?"

"सगल्यांना पुरलं, आये," गोटीराम म्हणाले. हे खोटं नव्हतं.

रात्री सगळे जेवायला बसले. संध्यावहिनींनी सवयीने रिमोट जवळ ठेवला होता. गोटीराम जेवत होते. आमटीत मीठ कमी होतं, त्यांनी वाढून घेतलं. शिट्ट्यांचा विषय नाही, वेण्यांचा नाही. घर इतकं शांत झालं की मनस्वीने आजोबांच्या तोंडात डोकावून बघितलं. रुतिकाची चलबिचल झाली. भाताचे दोन घास झाले आणि ती म्हणाली, "पप्पा, ते उलव्याचं. आम्ही फ्लॅट बघितला, कारण..."

ती थांबली. गोटीरामांच्या जिभेवर उलव्याचं सगळं पाणी जमा झालं. त्यांनी तिच्या श्वासाकडे बघितलं. तो आत गेला, अडला, बाहेर आला. कल्पेशचा घास हातात राहिला. गोटीराम थांबले.

"...कारण मला जासईच्या कंटेनर यार्डात नोकरी लागलीये," रुतिका म्हणाली, आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. ऑफिसात, कायमची. पण सकाळची शिफ्ट, कंपनीची बस उजाडायच्या आत नाक्यावर येते. कल्पेश रात्रपाळी करून आठला घरी पोचतो. आईंचे गुडघे सकाळी उठू देत नाहीत, आजी तर थकलेल्या. मनूला उठवायचं कोणी, डबा कोणी करायचा, शाळेच्या गाडीत कोणी बसवायचं? उलव्यात माझी आई जवळ आहे, म्हणून. "मला हे घर सोडायचं नाही हो पप्पा. पण तुम्हाला विचारायचं तर आधी वाक्य पूर्ण व्हायला पाहिजे ना."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. संध्यावहिनी गोटीरामांकडे बघत होत्या, आता धबधबा कोसळणार म्हणून. गोटीरामांनी आणखी एक श्वास जाऊ दिला, न जाणो, तिचं एखादं अक्षर राहिलं असेल.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सोमवारपासून."

"बरं," गोटीराम म्हणाले आणि झोपायला गेले.

सोमवारी रुतिका अंधारात धडपडत खाली आली. अंगण झाडलेलं होतं. गिझरचा दिवा लागलेला, ओट्यावर चहा झाकून ठेवलेला. मनस्वीच्या डब्यात पोळी-भाजी होती. भाजीचे तुकडे अगदी एकसारखे, विहाराच्या स्वयंपाकघरातल्या वळणाचे. दप्तर दाराशी, पाण्याची बाटली भरलेली. पायरीवर पांढऱ्या कपड्यात, बारीक खुंट उगवलेलं डोकं घेऊन गोटीराम बसले होते आणि त्यांच्या मांडीवर मनस्वी अर्धवट झोपेत वेणी घालून घेत होती. वेणी वाकडी होती.

रुतिकाने उभ्या उभ्याच चहा घेतला.

तेवढ्यात आतून पुतळाबाईंची हाक आली, तिसऱ्या शेडपर्यंत पोचेल अशी: "कोन मेला पहाटंचा झाडू मारतंय? लोकांना झोपू द्या रं!" आणि गोटीरामांचा आवाज कारखान्यातून आलेला नव्हता हे सुनेला त्या दिवशी कळलं.

नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. रुतिका निघाली, गेटपाशी जाऊन वळली. "पप्पा, ते उलव्याचं आता..."

"बस जाईल," गोटीराम म्हणाले. "संध्याकाळी सांग. सगळं सांग. मी बसलेलो असेन."